अदलाबदली मोजताना चक्रं का मोजतात

प्रोग्रामिंगच्या मुलाखतींमध्ये एक प्रश्न हमखास येतो: कोणत्याही दोन जागांवरच्या वस्तूंची अदलाबदल करता येत असेल, तर यादी चढत्या क्रमात लावायला कमीत कमी किती अदलाबदली लागतील? उत्तर एका ओळीचं आहे. यादीची लांबी घ्यायची आणि तीतून चक्रांची संख्या वजा करायची. हे सूत्र संगणकाच्या फार आधीचं आहे, आणि त्याचा उगम क्रमवारी लावण्यात नसून निश्चयकांत आहे.

दहावीच्या बीजगणितात आपण क्रेमरची पद्धत शिकतो. तिथे 2×2 चा निश्चयक असल्यामुळे एक पद अधिक आणि एक उणे, एवढ्यावर भागतं. निश्चयक मोठा झाला की मात्र कोणत्या पदाला कोणतं चिन्ह द्यायचं हे ठरवावं लागतं. जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमरने 1750 मध्ये त्यासाठी नियम दिला: मोठी संख्या लहान संख्येच्या आधी आली आहे अशा जोड्या मोजा, त्या सम असतील तर चिन्ह अधिक, विषम असतील तर उणे. ही यादी पाहा:

```
4 7 1 3 6 5 2
```

इथे 4 च्या पुढे तिच्याहून लहान तीन संख्या आहेत, 7 च्या पुढे पाच, 3 च्या पुढे एक, 6 च्या पुढे दोन आणि 5 च्या पुढे एक. एकूण 12, म्हणजे चिन्ह अधिक. फक्त शेजारच्या दोघांचीच अदलाबदल करायची मुभा असेल, तर ही यादी लावायला नेमक्या 12 च अदलाबदली लागतात.

कोशीने 1812 मध्ये पॅरिसमध्ये वाचलेल्या आणि 1815 मध्ये छापलेल्या निबंधात याच मांडणीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. पहिल्या जागेवर 4 आहे, म्हणून चौथ्या जागेकडे जा. तिथे 3 आहे, म्हणून तिसऱ्या जागेकडे. तिथे 1, म्हणजे निघालो तिथेच परत आलो. हे एक चक्र. दुसऱ्या आणि सातव्या जागेचं दुसरं चक्र, पाचव्या आणि सहाव्या जागेचं तिसरं. कोशीच्या नियमाप्रमाणे लांबीतून चक्रं वजा करायची: 7 − 3 = 4. हीही सम संख्या, त्यामुळे चिन्ह तेच. कोशीला या 4 मधलं फक्त सम-विषमपण हवं होतं.

हा 4 स्वतःच एक उत्तर आहे हे आर्थर केलीने 1849 च्या एका छोट्या टिपणात मांडलं. तो त्या वर्षी लंडनमध्ये वकिलीची सनद घेत होता, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. युक्तिवाद असा. एकाच चक्रातल्या दोन जागांची अदलाबदल केली तर ते चक्र दुभंगतं. दोन वेगळ्या चक्रांतल्या जागांची केली तर ती चक्रं जुळून एक होतात. म्हणजे एका अदलाबदलीने चक्रांची संख्या बरोबर एकाने बदलते. क्रमात लागलेल्या यादीत प्रत्येक संख्या स्वतःच्या जागी, म्हणून सात चक्रं. तिनावरून सातावर जायला चारपेक्षा कमी पावलं पुरणारच नाहीत. आणि चार पुरतात, कारण पहिल्या जागेवरची संख्या दर वेळी तिच्या हक्काच्या जागी पाठवली की एक चक्र वाढतं:

```
4 7 1 3 6 5 2
3 7 1 4 6 5 2
1 7 3 4 6 5 2
1 2 3 4 6 5 7
1 2 3 4 5 6 7
```

(पहिली जागा लागली की दुसरीकडे वळायचं.) सिलेक्शन सॉर्टही दर वेळी एक संख्या तिच्या कायमच्या जागी नेतो. संख्या आधीच जागेवर असेल तेव्हाची पोकळ अदलाबदल त्यात टाळली, तर त्याच्या अदलाबदली नेमक्या किमान असतात. त्याचा वेळ जातो तो तुलनांमध्ये.

चक्रांमुळे बचत मात्र थोडीच होते. सरमिसळ झालेल्या 1000 संख्यांच्या यादीत सरासरी साडेसातच्या आसपासच चक्रं असतात. म्हणजे जास्तीत जास्त 999 अदलाबदलींऐवजी सरासरी सुमारे 992.

खरी फसगत होते ती यादीत सारख्या संख्या असल्या की. केलीच्या युक्तिवादात प्रत्येक वस्तूची जागा एकच असते. `2 1 2 1` ही यादी घ्या. पहिल्या 2 ची शेवटच्या 1 शी अदलाबदल केली की एका फटक्यात `1 1 2 2` तयार. पण सारख्या संख्यांचा मूळ क्रम राखून जागा वाटल्या तर मांडणी `3 1 4 2` अशी होते. तिच्यात चार जागांचं एकच चक्र आहे आणि सूत्र 3 असं उत्तर देतं. अनेक जण इथेच अडकतात: सगळ्या संख्या वेगळ्या असलेल्या चाचण्या पास होतात, आणि पुनरावृत्ती आली की उत्तर खऱ्यापेक्षा मोठं येतं. कोणती प्रत कुठे पाठवली तर चक्रं जास्तीत जास्त होतील, हे तिथे शोधावं लागतं. निरनिराळ्या किमती दोन-तीनच असतील तर ते सहज जमतं, पण कितीही किमती चालतील अशा सर्वसाधारण रूपात तो प्रश्न एनपी-हार्ड आहे.