व्हर्टिकल पॉड ऑटोस्केलिंग

कुबरनेटीसवर चालणारा कंटेनर प्रत्यक्षात किती सीपीयू आणि मेमरी वापरतो हे पाहून त्याची रिक्वेस्ट आपोआप ठरवण्याची पद्धत. हे काम करणाऱ्या घटकाला व्हीपीए म्हणतात. रिक्वेस्ट म्हणजे कंटेनरसाठी नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एका यंत्रावर, राखून ठेवलेला वाटा. पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट, कुठे बसवायचा हे शेड्युलर याच आकड्यावरून ठरवतो, वापर तो पाहत नाही. डेव्हलपरने सावधगिरी म्हणून १००० मिलिकोर, म्हणजे एक पूर्ण कोर मागितला आणि वापर २०० चाच निघाला, तरी उरलेले ८०० दुसऱ्या कोणाच्या नावावर लागत नाहीत. बिल मात्र येतच राहते.

व्हीपीएचे तीन भाग आहेत. रेकमेंडर वापराच्या नोंदी ठेवून योग्य आकडा काढतो. अपडेटर चुकीच्या आकड्याचे पॉड काढून टाकतो. त्यांच्या जागी नवे पॉड तयार होताना अॅडमिशन कंट्रोलर त्यांत नवा आकडा भरतो. यांतला रेकमेंडर नीट समजून घेण्यासारखा आहे. तो गेल्या आठ दिवसांचा वापर धरतो, म्हणजे आठवड्यातला गर्दीचा दिवस सुटत नाही. मात्र नोंद एक दिवस जुनी झाली की तिचे वजन निम्मे होते. सीपीयूसाठी तो नव्वदावा शतमक, म्हणजे ज्याच्या खाली नव्वद टक्के नोंदी येतात तो आकडा, घेतो आणि त्यावर १५ टक्के जादा ठेवतो. मेमरीसाठी दिवसभरातला उच्चांक मोजला जातो, कारण सीपीयू कमी पडला तर काम फक्त रेंगाळते, पण मेमरी संपली तर कर्नल कंटेनरच मारून टाकतो.

एचपीए, म्हणजे हॉरिझाँटल ऑटोस्केलर, पॉडचा आकार न बदलता संख्या बदलतो. सीपीयूवर चालवताना त्याला बहुधा टक्केवारीचे लक्ष्य दिलेले असते, आणि ही टक्केवारी रिक्वेस्टची असते. व्हीपीए आणि एचपीए एकाच सेवेवर लावले की दोघांचे भांडण होते, आणि त्याचे मूळ इथेच आहे. जो आकडा व्हीपीए बदलतो, तोच एचपीएच्या भागाकारातला छेद असतो.

एक सेवा घेऊ. तिच्यावरचा भार दिवसरात्र सारखाच, एकूण १२०० मिलिकोर. एचपीएचे लक्ष्य ६० टक्के, रिक्वेस्ट १०००, पॉड दोन. प्रत्येकाचा वापर ६००, म्हणजे बरोबर ६० टक्के, सगळे स्थिर. आता व्हीपीए सुरू केला. तो ६०० वर १५ टक्के धरून रिक्वेस्ट ६९० करतो. वापर होता तेवढाच आहे, पण टक्केवारी ८७ झाली. एचपीएला वाटते भार वाढला, म्हणून तो तिसरा पॉड आणतो. प्रत्येकाच्या वाट्याला आता ४०० येतात. तीन-चार दिवसांत जुन्या नोंदींचे वजन उतरले की रिक्वेस्ट ४६० वर येते, टक्केवारी पुन्हा ८७ होते आणि पॉड पाच होतात. पुढच्या फेरीत रिक्वेस्ट २७६ आणि पॉड आठ. ग्राहक एकही वाढलेला नाही.

ही चढाई आपोआप थांबत नाही, कारण सारख्या भारावर व्हीपीए टक्केवारी नेहमी ८७ च्या आसपास नेणार आणि एचपीए ती ६० वर खेचणार. दोघांनाही मान्य होईल असा आकडाच नाही. शेवटी पॉडच्या संख्येवरची `maxReplicas` ही मर्यादा किंवा व्हीपीएची किमान रिक्वेस्ट आड येते. भार फार चढ-उताराचा असेल तर सरासरी वापर नव्वदाव्या शतमकाच्या बराच खाली राहतो, आणि तेव्हा हीच ओढ उलट्या दिशेने, मोजक्या मोठ्या पॉडकडे जाऊ शकते. ट्रॅफिकचा आलेख सपाट असताना पॉडची संख्या पायऱ्यापायऱ्यांनी सरकत असेल, तर `kubectl get hpa` आणि `kubectl describe vpa` शेजारी ठेवून पाहावे. रिक्वेस्ट बदलल्यावर लगेच संख्या बदलत असेल तर निदान पक्के.

उपाय एकच: दोघांनी एका संसाधनाला हात लावायचा नाही. एचपीएला सेकंदाला येणाऱ्या विनंत्या किंवा रांगेची लांबी द्यावी. नाहीतर सीपीयू त्याच्याकडे ठेवून व्हीपीएला फक्त मेमरी द्यावी:

```yaml
resourcePolicy:
  containerPolicies:
  - containerName: "*"
    controlledResources: ["memory"]
```

मेमरीवरही एचपीए लावलेला असेल तर हा मार्ग बंद होतो. अशा वेळी, आणि खरे तर कोणत्याही नव्या सेवेवर सुरुवातीला, `updateMode: "Off"` ठेवणे सर्वांत शहाणपणाचे. व्हीपीए शिफारस दाखवतो, पॉडला हात लावत नाही. रिक्वेस्ट माणूस बदलतो आणि त्याच वेळी एचपीएचे लक्ष्यही तपासतो. वरच्या सेवेत रिक्वेस्ट ६९० केली, तर लक्ष्य ८७ च्या जवळ न्यावे लागेल, किंवा जास्त पॉड लागतील हे मान्य करावे लागेल.