विधवा आईने कन्यादान करू नये, हे खरे का?

“माझ्या मुलीचे वडील हयात नाहीत. विधवेने कन्यादान करायचे नसते, काका-काकूंनाच बसवा, असे सगळे म्हणतात. हे शास्त्रात आहे का?”

नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात कन्या देण्याचा अधिकार पिता, आजोबा, भाऊ, कुळातला पुरुष आणि आई असा क्रमाने सांगितला आहे. आईचे नाव शेवटी असले तरी ते स्पष्टपणे आहे आणि तिथे वैधव्याची अट नाही. देणारे कोणीच नसेल, तर कन्येने स्वतः वर निवडावा, असे पुढचाच श्लोक सांगतो.

प्रत्यक्ष विधीत वराच्या ओंजळीवर वधूची ओंजळ असते, कन्यादान करणारा आपल्या ओंजळीतून त्यावर पाणी सोडतो आणि ते खालच्या काशाच्या भांड्यात पडते. त्यानंतर धर्म, अर्थ आणि काम यांत हिला डावलणार नाही, असे वर ‘नातिचरामि’ म्हणून कबूल करतो. वस्तू देऊन टाकण्यापेक्षा हे वचन मला या विधीचा गाभा वाटते. एरवी वडिलांच्या ओंजळीत झारीने धार धरण्याचे काम आई करते. आई एकटी बसली, तर ती धार मामाने किंवा भावाने धरावी, संकल्प मात्र तिच्याच नावाने व्हावा. गुरुजींशी हे मुहूर्ताच्या दिवशी नव्हे, आधीच बोलून घ्यावे, कारण ऐनवेळी नातेवाईकांच्या आग्रहापुढे आईच मागे सरते.

कायद्याने तर कन्यादान आवश्यकही नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार, जिथे सप्तपदी आहे तिथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो.