लार्ज, ह्यूज, इनॉर्मस, कलॉसल: मोठेपणाच्या शब्दांची पार्श्वभूमी

इंग्रजीत 'मोठा' म्हणायला शब्द भरपूर आहेत, पण अहवालात किंवा प्रबंधात डोळे मिटून वापरावा असा एकच: लार्ज. त्याचं मूळ मापात नाही, दिलदारपणात आहे. लॅटिन 'लार्गुस' म्हणजे मुबलक, सढळ हाताचा. शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि तिथे औदार्य 'लार्जेस' या नात्यातल्या शब्दाकडे राहिलं, लार्जकडे फक्त आकार उरला. त्यात ना कौतुक, ना धसका. म्हणून नमुन्याची संख्या, रक्कम, प्रमाण यांच्याआधी तो शोभतो. ह्यूजही बाराव्या शतकात फ्रेंचमधूनच आला, पण त्यात बोलणाऱ्याचं आश्चर्य मिसळलेलं असतं. गप्पांत छान, तक्त्याखालच्या टिपेत नको.

इनॉर्मसची गोष्ट वेगळी. लॅटिन 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्यात न बसणारं ते 'एनॉर्मिस'. त्यामुळे सोळाव्या शतकात इंग्रजीत इनॉर्मस म्हणजे बेताल, घोर, पापीसुद्धा. आकाराचा अर्थ पुढे वरचढ झाला. (आपल्याकडे 'अजस्र'चंही असंच झालं. संस्कृतात तो अखंड, मराठीत अवाढव्य.) जुना अर्थ मात्र 'इनॉर्मिटी'त ठाण मांडून आहे. 'प्रकल्पाची इनॉर्मिटी' असं इंग्रजीत लिहिलं, की चोखंदळ वाचकाला त्यात प्रकल्पाचा अवाढव्यपणा नाही, घोर अपराध दिसतो. औपचारिक लेखनात हमखास होणारी ही चूक आहे. त्या जागी 'स्केल' लिहावं.

कलॉसलच्या मागे ग्रीक 'कोलोसोस' आहे. ऱ्होड्स बेटावर इ.स.पू. २८०च्या सुमारास सूर्यदेवाचा सुमारे ३३ मीटर उंचीचा कांस्यपुतळा उभा राहिला आणि अर्ध्या शतकाच्या आसपास टिकून भूकंपात कोसळला. त्याच्या कीर्तीमुळे पुतळ्याचं नाव आकाराचं विशेषण झालं. वार्षिक अहवालात 'कलॉसल लॉस' म्हटलं तर मथळ्याचा वास येतो. तिथे 'लार्ज' लिहून पुढे आकडा द्यावा.

तरीही विज्ञानाने हा शब्द कामाला लावला. १९८८ साली लोह आणि क्रोमियमच्या अतिपातळ थरांवर चुंबकीय क्षेत्र लावलं, तेव्हा त्यांचा विद्युतरोध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त घटला. या परिणामाला 'जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स' म्हणू लागले. शोधाबद्दल आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७चं नोबेल मिळालं. १९९०च्या दशकात मँगनीजच्या काही ऑक्साइडांमध्ये त्याहून कितीतरी मोठा बदल आढळला. 'जायंट' आधीच अडकलेला, तेव्हा नव्या परिणामाच्या वाट्याला 'कलॉसल' आला. इथे तो अतिशयोक्ती उरत नाही, पारिभाषिक नाव होतो, आणि शोधनिबंधातही बिनदिक्कत चालतो.