'काठिण्य' कुणाचं: प्रश्नाचं की वर्गाचं? अनुकूली चाचणीची पार्श्वभूमी

मूल्यमापनाच्या पेपरासाठी 'काठिण्यमूल्य' सगळ्यांचं पाठ असतं. वर्गातल्या 40 जणांपैकी 28 जणांचं उत्तर बरोबर आलं, की काठिण्यमूल्य 0.70. मूल्य जितकं मोठं तितका प्रश्न सोपा, ही उलटी भाषा सवयीने पचून जाते. खरी गोची वेगळीच आहे. 0.70 हा आकडा प्रश्नाचा नसून त्या प्रश्नाची त्या वर्गाशी गाठ पडली तिचा आहे. दापोलीतल्या एकाच शाळेत तोच प्रश्न नववीला दिला तर 0.73 येईल आणि सातवीला दिला तर 0.27. प्रश्नात काना-मात्रेचाही फरक नाही. मग त्याचं काठिण्य कोणतं?

आयटम रिस्पॉन्स थिअरीचा जन्म या अडचणीतून झाला. तिने मुलाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकाच मोजपट्टीवर मांडलं. शून्य म्हणजे मधली जागा, उजवीकडे वरचढ, डावीकडे कमी. क्षमता θ, काठिण्य b, आणि उत्तर बरोबर येण्याची शक्यता P:

```
P = 1 / (1 + e^-(θ - b))
```

मुलाची क्षमता प्रश्नाच्या काठिण्याइतकीच असेल तर शक्यता 50 टक्के. मूल एकाने पुढे असेल तर 73, एकाने मागे असेल तर 27. वरचा नववी-सातवीचा फरक इथे उलगडतो. सोयीसाठी नववीची सगळी मुलं +1 वर आणि सातवीची -1 वर धरली, तर प्रश्न दोन्ही वेळा शून्यावरच उभा होता, हलले ते वर्ग. शब्द मात्र दोन्हीकडे 'काठिण्य' हाच राहिला आणि गोंधळ आजतागायत चालू आहे. जुन्या अर्थाने आकडा वाढला की प्रश्न सोपा, नव्या अर्थाने आकडा वाढला की प्रश्न अवघड. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत आधी कोणतं काठिण्य ते लिहावं, मग पुढचं.

मांडणीचा पाया 1952च्या सुमारास अमेरिकेत घातला गेला. 1960 साली डेन्मार्कमध्ये, वाचनचाचण्यांच्या कामातून, वरचं साधं सूत्र स्वतंत्रपणे पुढे आलं. 1968च्या एका अमेरिकी ग्रंथाने त्यात भेदनक्षमता आणि अंदाजाने टिक करण्याची शक्यता मिसळली. तेव्हापासून दोन घराणी आहेत. प्रश्न सूत्रात बसला नाही तर डॅनिश घराणं प्रश्न बाजूला काढतं, अमेरिकी घराणं सूत्र वाढवतं.

'काठिण्य वर्गावर अवलंबून नाही' हा दावाही सांभाळूनच घ्यावा. 'एका भरतीनंतर पुढची भरती साधारण किती वेळाने येते?' हा प्रश्न घ्या. हर्णै बंदरावरचं पोर बारा तास पंचवीस मिनिटं हे उत्तर पुस्तक न उघडता सांगेल, कारण घरची होडी त्या हिशेबाने निघते. तेवढ्याच क्षमतेचं घाटपायथ्याचं मूल अडखळेल. समान क्षमतेच्या दोन मुलांना प्रश्न असमान अवघड जात असेल, तर मोजपट्टीवर त्याची जागा एक राहत नाही. म्हणून दोन्ही गटांतली सारख्या क्षमतेची मुलं समोरासमोर ठेवून प्रत्येक प्रश्न तपासावा लागतो.

प्रश्नाची जागा ठरली, की वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळे प्रश्न देऊनही त्यांना एकाच पट्टीवर मोजता येतं. मुलाच्या आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडणारी अनुकूली चाचणी उभी आहे ती यावर. (संगणकावरच्या अनुकूली चाचणीला इंग्रजीत थोडक्यात 'कॅट' म्हणतात, आणि आपल्याकडे व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेचं नावही 'कॅट'च आहे. ती 2009 पासून संगणकावर होते, पण अनुकूली नाही. नावावर जाऊ नये.)

एक मूल घेऊ. पहिला प्रश्न शून्यावरचा, उत्तर बरोबर. या क्षणी क्षमतेचा गणिती अंदाज काढताच येत नाही. सगळंच बरोबर असेल तर सूत्राचं उत्तर अनंताकडे पळतं. म्हणून यंत्र ठरावीक पाऊल टाकून +1 वरचा प्रश्न देतं. तो चुकतो. आता अंदाज बरोबर मध्ये, 0.5 वर येतो. तिसरा प्रश्न 0.5 चा दिला, तो जमला, आणि अंदाज 1.22 वर गेला. ऐकायला छान, पण त्याची प्रमाणत्रुटी 1.25 आहे. म्हणजे मूल साधारण कुठेही असू शकतं.

अगदी बेताचा, म्हणजे मुलाच्या क्षमतेइतक्याच काठिण्याचा प्रश्न माहितीचे 0.25 एकक देतो. मुलापेक्षा तीन पावलं सोपा प्रश्न जेमतेम 0.045. हुशार मुलाला पाच सोपे प्रश्न विचारूनही एका बेताच्या प्रश्नाइतकं कळत नाही. अनुकूली चाचणीची सगळी बचत इथली आहे. पण तिलाही मर्यादा आहे. एकूण माहितीच्या वर्गमुळाने 1 ला भागलं की प्रमाणत्रुटी मिळते. सगळे प्रश्न बेताचे मिळाले तरी त्रुटी 0.5 वर आणायला 16 प्रश्न लागतात आणि 0.3 वर आणायला 45. दहा प्रश्नांत क्षमता सांगणारं ॲप दिसलं, की हा हिशेब मांडून बघावा.

1993 साली अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, जीआरई, अनुकूली झाली आणि इतिहासाला वेगळंच वळण मिळालं. यंत्र 'सर्वात बेताचा' प्रश्न शोधतं, म्हणून प्रश्नपेढीतले थोडेच प्रश्न पुन्हापुन्हा बाहेर येतात. डिसेंबर 1994मध्ये एका खासगी शिकवणी कंपनीने आपली माणसं परीक्षेला बसवली आणि त्यांनी पाठ केलेले प्रश्न परीक्षा घेणाऱ्यांसमोर ठेवले. संगणकावरची परीक्षा काही दिवस थांबवावी लागली आणि प्रकरण कोर्टात गेलं. उपाय आधीच माहीत होते: पहिल्या नंबरचा एकच प्रश्न न देता चांगल्या पाचांतून चिठ्ठी टाकावी, किंवा प्रश्न किती वेळा दिसावा यावर मर्यादा घालावी. फुटलेला प्रश्न ओळखताही येतो. कमी क्षमतेची मुलं तो एकाएकी सोडवू लागतात, तेही फार कमी वेळात, आणि त्याचं काठिण्य महिन्यागणिक घसरतं.

सगळ्यात वादग्रस्त ठरली ती मागे जाण्यावरची बंदी. उत्तर दिलं की परत फिरायचं नाही. कारण खरं होतं. उमेदवाराने मुद्दाम चुका करून सोपे प्रश्न ओढून घेतले आणि शेवटी मागे जाऊन सगळी उत्तरं सुधारली, तर यंत्राच्या हाती सगळी बरोबर पण सगळी सोपी उत्तरं उरतात. त्यावरून अंदाज एक तर भरमसाट वर जातो किंवा विश्वास ठेवण्याजोगा राहत नाही. पण ही चलाखी करणारे मूठभर. बाकीचे मागे जातात ते नजरचूक दुरुस्त करायला. मूठभरांसाठी सगळ्यांची पेन्सिल काढून घेतली, असं माझं मत आहे. 2011 साली जीआरईने पवित्रा बदलला. प्रश्नागणिक निवड सोडून तिथे विभागागणिक निवड आली. विभागात हवं तसं मागेपुढे करा, पुढचा विभाग सोपा की अवघड हे मागच्यावरून ठरेल. नेमकेपणा थोडा कमी झाला, पण उत्तर बदलण्याची मुभा परत आली.

नर्सिंगच्या अमेरिकी परवाना परीक्षेने मागे न जाण्याचा 1994 पासूनचा जुना नियम सोडलेला नाही. तिथे 2023 पासून किमान 85 आणि कमाल 150 प्रश्न असतात, आणि उमेदवार रेषेच्या वर आहे की खाली याची 95 टक्के खात्री पटली की परीक्षा संपते. परदेशी नोकरीसाठी तिला बसलेल्या सावंतवाडीच्या नर्सचा पडदा 85व्या प्रश्नालाच बंद झाला, तर घरी फोन करून ती पास की नापास हे सांगू शकत नाही. खात्री पटली एवढंच तिला कळलेलं असतं.