लागोपाठ सूट : शर्टाची अंतिम किंमत

छापील किमतीवर आधी शेकडा सूट देऊन उरलेल्या रकमेवर पुन्हा कूपनची सूट दिली, की तिला लागोपाठ सूट म्हणतात. दोन्ही सुटींचे टक्के वेगवेगळ्या रकमांवर मोजले जातात, म्हणून त्यांची थेट बेरीज करता येत नाही.

समजा शर्टाची छापील किंमत १,५०० आहे, त्यावर ३० टक्के सूट आहे आणि ग्राहकाकडे आणखी २० टक्क्यांचे कूपन आहे. पहिली सूट ४५० होते, म्हणून उरतात १,०५०. कूपनचे २० टक्के या १,०५० वर मोजायचे. ते २१० भरतात. अंतिम किंमत ८४० झाली. ‘३० आणि २० मिळून निम्म्या किमतीत’ असा हिशेब केलेल्या माणसाला ७५० अपेक्षित असतात, आणि बिल पाहून आपल्याला ९० जास्त लावले असे त्याला वाटते. हे ९० म्हणजे पहिल्या सुटीत आधीच कमी झालेल्या ४५० चे २० टक्के. जी रक्कम किमतीत उरलीच नाही, तिच्यावर कूपन लागू होत नाही.

आकडेमोड करताना किती गेले यापेक्षा किती उरले हे धरणे सोपे. ३० टक्के सूट म्हणजे ०.७० उरले, २० टक्के सूट म्हणजे ०.८० उरले, १,५०० × ०.७० × ०.८० = ८४०. दोन गुणकांचा गुणाकार ०.५६, म्हणजे प्रत्यक्ष सूट ४४ टक्के. तोंडी हिशेबासाठी दोन्ही टक्क्यांची बेरीज करून त्यातून त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग वजा करतात : ३० + २० − ६ = ४४. याच रीतीने ५० टक्क्यांवर आणखी ५० टक्के सूट दिली तरी शर्ट फुकट मिळत नाही, चतुर्थांश किंमत द्यावीच लागते.

दोन्ही सुटी टक्क्यांत असतील तर कोणती आधी लावली याने फरक पडत नाही. १,५०० वर आधी २० टक्के सूट दिली तर १,२०० उरतात, मग ३० टक्के गेल्यावर पुन्हा ८४०. कूपन ठरावीक रकमेचे असले की मात्र क्रम महत्त्वाचा होतो. २०० चे कूपन शेवटी लावले तर १,०५० − २०० = ८५०. तेच आधी लावले तर १,३०० वर ३० टक्के सूट मिळून ९१० द्यावे लागतात. जाणारे ६० म्हणजे २०० चे ३० टक्के : कूपन आधी वापरले की पुढची शेकडा सूट त्याचाही वाटा खाते. उतरलेल्या किमतीवर कूपन लावण्याची पद्धत इथे ग्राहकाच्या फायद्याची आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

२० टक्क्यांचे कूपन घ्यावे की २०० चे, हा प्रश्नही छापील किंमत पाहून सोडवू नये. उतरलेली किंमत १,००० असेल तर दोन्ही सारखीच. वरच्या उदाहरणात ती १,०५० आहे, म्हणून टक्क्यांचे कूपन फक्त १० ने सरस ठरते. छापील १,५०० धरली असती तर हाच फायदा १०० चा भासला असता.

कूपनच्या बारीक अक्षरांतल्या अटी हा हिशेब बदलतात. ‘२० टक्के, कमाल १५०’ असे लिहिले असेल तर २१० ऐवजी १५० च वजा होतात आणि शर्ट ९०० ला पडतो. किमान खरेदीची अटही असते. ती १,२०० ची असेल आणि उतरलेल्या किमतीवर तपासली जात असेल, तर १,५०० चा शर्ट घेऊनही कूपन चालत नाही, कारण तपासणीपर्यंत रक्कम १,०५० झालेली असते. कूपन नेमके कोणत्या रकमेवर मोजले, हे बिलातल्या कूपनच्या ओळीवरून कळते : तिथे २१० असतील तर उतरलेल्या किमतीवर, ३०० असतील तर छापील किमतीवर.

अपूर्णांक आले की पूर्णांकन कुठे केले यावरही थोडे अवलंबून असते. ७९९ च्या शर्टावर ३५ टक्के आणि मग १५ टक्के सूट असेल, तर शेवटपर्यंत अपूर्णांक ठेवल्यास ४४१.४५ येतात, पहिल्या सुटीनंतरचे ५१९.३५ हे ५१९ केले तर ४४१.१५. पैशांतला फरक म्हणून सोडून देण्यासारखा असला, तरी दोन बिले जुळत नसतील तर कारण बहुधा हेच असते.

उलट्या हिशेबात चूक जास्त होते. ८४० ला घेतलेल्या शर्टाची छापील किंमत काढायला अनेकजण ८४० मध्ये ४४ टक्के मिळवतात आणि १,२०९.६० वर पोहोचतात. ते ४४ टक्के १,५०० चे होते, ८४० चे नव्हेत. म्हणून इथे भागायला हवे : ८४० ÷ ०.५६ = १,५००.