पणतीची ज्योत पिवळी का पडते: ब्लेंडरमधल्या व्ह्यू ट्रान्सफॉर्मची पार्श्वभूमी

ओसरीवर संध्याकाळच्या अंधारात एक पणती ठेवली आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये ज्योतीला एमिशन, म्हणजे स्वतःचा प्रकाश, दिलं, रंग नारिंगी ठेवला: लाल 1.0, हिरवा 0.4, निळा 0.05. स्ट्रेंग्थ 1 असताना ज्योत नारिंगी दिसते, पण ओसरी उजळत नाही. म्हणून स्ट्रेंग्थ 2 केली, तर ज्योत सोनेरी होते. 10 केली, तर फिकट पिवळ्या कागदाचा तुकडा चिकटवल्यासारखी दिसते. रंगाच्या खिडकीतल्या आकड्यांना कुणी हात लावलेला नाही, तरी रंग बदलला. गेल्या दहा-बारा वर्षांत ब्लेंडरच्या Color Management पॅनेलमध्ये जे काही झालं, ते बहुतेक याच ज्योतीभोवती फिरतं.

कारण साधं आहे. रेंडर इंजिन प्रकाश मोजतं आणि त्या मोजणीला वरची मर्यादा नसते. पडद्याला मात्र 1.0 च्या पुढचं काहीच दाखवता येत नाही. रेंडरचे आकडे पडद्यावर बसवणाऱ्या पायरीला व्ह्यू ट्रान्सफॉर्म म्हणतात. `Standard` हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म 1.0 च्या वरचं सगळं कापून टाकतो आणि लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनलचं वेगळं कापतो. स्ट्रेंग्थ 2 ला ज्योतीची किंमत 2.0, 0.8, 0.1 होते. त्यातला लाल 1.0 वर अडतो, हिरवा 0.8 वर तसाच राहतो, म्हणजे लाल-हिरव्याचं प्रमाण बिघडतं. स्ट्रेंग्थ 10 ला 10, 4, 0.5 चे 1, 1, 0.5 होतात, आणि लाल व हिरवा सारखे झाले की पिवळा रंग ठरलेलाच. कुठलाही भडक रंग या वाटेने लाल, हिरवा, निळा, पिवळा, निळसर हिरवा किंवा गुलाबी-जांभळा या सहांपैकी एकाच्या खड्ड्यात जाऊन पडतो. मधल्या छटांना जागाच उरत नाही.

ब्लेंडरच्या 2012 च्या 2.64 आवृत्तीत ओपनकलरआयओ हे रंग सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं आणि व्ह्यू ट्रान्सफॉर्म निवडायची सोय मेनूत आली. त्या यादीत `Film` नावाचा पर्याय होता. पुढे व्ह्यूवर कॉन्ट्रास्ट आणि रंगाची छटा चढवणाऱ्या Look च्या यादीत जुन्या छायाचित्र फिल्मच्या नावांचे वक्रही आले. बहुतेक लोक मात्र मूळ पर्यायावरच राहिले आणि उजेडाचे भाग जळू नयेत म्हणून दिवेच मंद ठेवायला शिकले. त्या काळातल्या इंटिरिअर रेंडरमधल्या खिडक्या करड्या आणि खोल्या सपाट दिसतात, त्यामागे ही सवय आहे.

इथेच तो शब्द येतो ज्याने सर्वांत जास्त गोंधळ घातला: फिल्मिक. आजही प्रश्न विचारणारा एका अर्थाने विचारतो आणि उत्तर देणारा दुसऱ्या अर्थाने देतो, म्हणून यावर जरा थांबायला हवं. पहिला अर्थ 2012 चा `Film` व्ह्यू, जो आता मेनूत नाही. दुसरा अर्थ गेम इंजिनांमधून आला. तिथे सावली आणि उजेड दोन्ही टोकांना वाकलेल्या एस आकाराच्या कुठल्याही वक्राला फिल्मिक टोनमॅपिंग म्हणतात. तिसरा अर्थ सायकल्समधलं `Film` पॅनेल. त्यातलं Exposure रेंडरच्या मूळ आकड्यांनाच गुणतं आणि ते प्रकाशाचे मूळ आकडे साठवणाऱ्या ईएक्सआर फाइलमध्येही उतरतं. Color Management मधलं Exposure फक्त बघण्याच्या वाटेवर बसतं, मूळ आकडे तसेच राहतात. फिल्मिकमध्ये एक्सपोजर वाढव, असा सल्ला ऐकून कुणी `Film` पॅनेलमधला आकडा दुप्पट केला, तर कंपोझिटिंगमध्ये सगळे लेयर दुप्पट उजळ येतात आणि चूक कुठे झाली हे सापडत नाही.

चौथा अर्थ म्हणजे `Filmic` हा व्ह्यू ट्रान्सफॉर्म. तो 2017 मध्ये 2.79 आवृत्तीत आला आणि 2019 मध्ये 2.80 पासून आपोआप निवडलेला मिळू लागला. नावावरून वाटतं की कुठल्यातरी फिल्मची नक्कल आहे, पण त्याचं मुख्य काम रेंजचं आहे. 0.18 हा मध्यम करडा मधे धरायचा, त्याच्या खाली 10 स्टॉप आणि वर 6.5 स्टॉप घ्यायचे, आणि हे साडेसोळा स्टॉप लॉग पद्धतीने, म्हणजे प्रत्येक स्टॉपला सारखी जागा देत, 0 ते 1 मध्ये बसवायचे. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं. वरचं टोक 16.3 च्या आसपास येतं. Standard मध्ये जिथे 1.0 ला भिंत होती, तिथे आता सोळापर्यंत उतार मिळाला. उजेडाचा भाग एकदम न तुटता हळूहळू पांढऱ्याकडे वळतो, तो याच उतारामुळे.

ज्योत पुन्हा घेऊ. स्ट्रेंग्थ 10 ला 10, 4, 0.5 या किमती लॉगमध्ये सुमारे 0.96, 0.88, 0.70 होतात. तिन्ही वेगळ्या आहेत, काहीच कापलं गेलेलं नाही, त्यामुळे ज्योत नारिंगी राहते. पण वात जवळून दाखवायची म्हणून स्ट्रेंग्थ 40 केली, तर लाल 40 म्हणजे मर्यादेबाहेर, हिरवा 16 म्हणजे टोकाला टेकलेला आणि निळा 2 म्हणजे 0.82. परत पिवळाच. Filmic मध्ये गडद रंग उजेडात थोडे फिके करणारी एक रंगसारणी आहे, ती हा धक्का बराच सौम्य करते. तरी भडक निळा एलईडी किंवा लाल निऑन ठेवला की उणीव उघडी पडते. Filmic ने भिंत चार स्टॉप लांब नेली, पण ती पाडली नाही. तेव्हा Filmic ला सर्व रोगांवरचं औषध म्हणून गौरवलं गेलं, ते जास्तच होतं.

नोव्हेंबर 2023 च्या 4.0 आवृत्तीत `AgX` आला आणि नव्या फाइलमध्ये तोच आधी निवडलेला मिळू लागला. त्याची खुबी लॉगच्या आधीच्या पायरीत आहे. तिन्ही चॅनल एकमेकांत थोडे मिसळले जातात, त्यामुळे कुठलाच चॅनल एकटा मागे राहत नाही. मूळ रचनेतलं मिसळण्याचं मॅट्रिक्स वापरलं, तर 40, 16, 2 मधला निळा 2 वरून सुमारे 4.7 होतो आणि लॉगमध्ये 0.82 ऐवजी 0.89 वर जातो. ब्लेंडरमधली आवृत्ती आकड्यांनी थोडी वेगळी आहे, तत्त्व तेच. उजेड वाढत जातो तसे तिन्ही चॅनल बरोबरीने टोकाकडे सरकतात, आणि ज्योत नारिंगीतून पिवळ्याच्या खड्ड्यात न पडता फिकट होत पांढऱ्याकडे जाते. डोळ्याला हेच नैसर्गिक वाटतं.

4.0 मधल्या या बदलावर जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. तक्रार अशी होती, आणि आहे: रंग धुतल्यासारखे दिसतात, कंपनीचा लोगो ठरलेल्या रंगात येत नाही, पांढरा कागद करडा येतो. निरीक्षण खरं आहे. 1.0 किमतीचा पांढरा लॉगमध्ये 0.76 च्या जवळ बसतो, कारण वरची जागा दिव्यांसाठी आणि चकाकीसाठी राखलेली आहे. पण पुष्कळदा यामागे प्रकाशयोजनेची चूक असते. जुन्या Standard च्या सवयीने दिवे मंद ठेवलेले असतात आणि दृश्य एक-दीड स्टॉप अंधारं असतं. फाइलमध्ये 0.18 बेस कलरचा, चकाकी नसलेला गोळा विषयाच्या शेजारी ठेवावा. त्याचा उजेडाकडचा भाग पडद्यावर मध्यम करडा दिसेपर्यंत दिवे वाढवावेत. पांढरा कागद आपोआप वर येतो. मगच Look ला हात लावावा. मिळमिळीतपणा घालवायचा, तर `Medium High Contrast` पुरतो. `Punchy` बाहेरच्या उन्हात शोभतो, पण चेहऱ्यावर गालांची लाली भडक करतो.

```python
import bpy
v = bpy.context.scene.view_settings
v.view_transform = 'AgX'
v.look = 'AgX - Medium High Contrast'
v.exposure = 0.0
v.gamma = 1.0
```

Gamma 1.0 वरच ठेवावा. तो बदलून सावल्या उघडल्या, तर उजेडाकडचा उतारही वाकतो आणि Look ने जमवलेला तोल जातो. 4.0 च्या आधीची फाइल उघडली की तिच्यात साठवलेला Filmic तसाच राहतो. एकाच मालिकेतले अर्धे शॉट जुन्या फाइलमधले आणि अर्धे नव्या असले की निळे आणि लाल जुळत नाहीत, त्याचं कारण हेच.

करड्या पांढऱ्याचं दुसरं कारण जास्त त्रासाचं आहे: ट्रान्सफॉर्म दोनदा लागणं. AgX लावून पीएनजी काढली आणि ती संकलनासाठी नव्या फाइलमध्ये घेतली. तिथेही AgX आहे. आधीच वळवलेला उजेड पुन्हा वळतो, पांढरे मळकट होतात. ओळखायची खूण: तीच पीएनजी साध्या इमेज व्ह्यूअरमध्ये उघडली की ठीक दिसते. संकलनाच्या फाइलमध्ये व्ह्यू `Standard` करावा, किंवा पीएनजी न काढता ईएक्सआर काढून ट्रान्सफॉर्म एकदाच, शेवटी लावावा. ईएक्सआरमध्ये प्रकाशाचे मूळ आकडे राहतात. पीएनजीत एकदा वळवलेला उजेड परत सरळ होत नाही.

लोगो जसाच्या तसा हवा असेल, तर काही जण टेक्स्चरची कलर स्पेस `Filmic sRGB` किंवा `AgX Base sRGB` करतात. त्याने ट्रान्सफॉर्म उलटा लागतो आणि पडद्यावर मूळ रंग परत मिळतो. मागच्या पडद्यावरच्या फोटोसाठी ही युक्ती चालते. भिंतीच्या किंवा कापडाच्या बेस कलरला ती लावू नये. तिथे पांढऱ्याची उलटी किंमत 1 च्या कितीतरी पुढे जाते, Filmic मध्ये तर सोळाच्या आसपास. म्हणजे पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशाच्या कित्येक पट प्रकाश परत फेकतो. खोली विनाकारण उजळते, चित्रातला दाणेदार नॉइज वाढतो. लोगो शेवटी, ट्रान्सफॉर्म लागलेल्या चित्रावर बसवणं सोपं आणि बिनधोक.

वस्तूंच्या कॅटलॉगवाल्यांची अडचण मात्र खरी होती. पैठणीचा काठ फिका आला, तर ग्राहक साडी परत करतो. तिथे उजेडाच्या सुंदर उतारापेक्षा कापडाचा रंग जुळणं महत्त्वाचं. 2024 च्या 4.2 आवृत्तीतला `Khronos PBR Neutral` त्यासाठी आहे. तो सुमारे 0.76 पर्यंत रंगांना जवळजवळ हात लावत नाही, त्याच्या वरचाच भाग दाबतो. अट एवढीच की प्रकाश रंगहीन आणि एकसारखा हवा. ओसरीवरच्या पणतीला तो लावला, तर ज्योतीला उतार अगदी तोकडा मिळतो. कार्टून पद्धतीच्या सपाट रंगांना अजूनही `Standard` च योग्य.

2025 च्या 5.0 आवृत्तीत चित्रपटक्षेत्रातल्या रंगपद्धतीचे `ACES 1.3` आणि `ACES 2.0` हेही व्ह्यू आले. पहिल्याच्या कुळातला जुना दोष म्हणजे उजळ निळा जांभळ्याकडे सरकणं. दुसऱ्यात तो बराच आटोक्यात आला आहे. चित्रपटाच्या संकलनाकडे ईएक्सआर जाणार असेल, तर समोरच्याकडे कुठला व्ह्यू आहे हे विचारून तोच आपल्या पडद्यावर लावावा, नाहीतर इथे जमवलेली ज्योत तिथे वेगळीच दिसते. याच आवृत्तीत फाइलची वर्किंग स्पेसही, म्हणजे प्रकाशाचं गणित ज्या रंगव्यवस्थेत चालतं ती, निवडता येऊ लागली. ती मधेच बदलली, तर भडक रंगांच्या भिंतींवरून उसळणारा प्रकाशच बदलतो. म्हणून पहिला दिवा ठेवण्याआधी ती ठरवावी.