रुबातो म्हणजे वेग कमी करणं नव्हे

शोपँचं पियानोसाठीचं ई फ्लॅट मेजरमधलं नॉक्टर्न (ओपस ९, क्रमांक २, प्रसिद्धी १८३२) हौशी वादकाकडून ऐकलं की बहुतेकदा एकच गोष्ट खटकते. दर ओळीच्या शेवटी गाडी मंदावते, आणि विचारलं की उत्तर येतं, ‘रुबातो केला.’ खरं तर तो रितार्दांदो, म्हणजे वेग हळूहळू उतरवणं, झालेला असतो, तोही स्वरलिपीत नसलेल्या जागी.

या रचनेच्या एका बारमध्ये बारा छोट्या मात्रा आहेत, तीन-तीनच्या चार गटांत. डावा हात दर गटात आधी खालचा एक स्वर आणि मग दोन स्वरमेळ वाजवतो. शोपँने मिनिटाला १३२ छोट्या मात्रा असा वेग दिला आहे, म्हणजे एक गट साधारण १.४ सेकंदांचा आणि पुरा बार साडेपाच सेकंदांचा.

आता रितार्दांदो घ्या. वेग हळूहळू उतरत जातो, त्यामुळे चार गट १.४, १.५, १.७ आणि २ सेकंद असे लांबत जातील. बार साडेसहा सेकंदांच्या वर गेला. दोन्ही हात मिळून मंदावले, आणि हा जादा वेळ कुणी परत करत नाही. पुढे ‘आ टेंपो’ लिहिलेलं असतं तिथे जुना वेग एकदम धरायचा, हळूहळू चढवायचा नाही. इथेच बरेच जण घसरतात. जरा कमी वेगाने परततात, पुढच्या वेळी आणखी कमी, आणि तिसऱ्या फेरीला रचना रांगायला लागते.

रुबातोचा शब्दशः अर्थ ‘चोरलेला’. शोपँच्या काळी त्याची जुनी रीत अशी होती: डावा हात ठोक्यावर, उजवा मोकळा. समजा, चालीतला वरचा स्वर पाव-अर्धा सेकंद रेंगाळला. तोवर डाव्याने आपला खालचा स्वर वाजवून टाकलेला असतो, तो थांबत नाही. मग उजवा हात पुढचे अलंकाराचे स्वर जरा घाईने घेतो आणि नव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर दोघं भेटतात. बार साडेपाच सेकंदांचाच राहतो. डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक, त्याने डळमळायचं नाही, ही शोपँची शिकवण त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवली आहे. मोझार्टनेही १७७७ साली वडिलांना लिहिलेल्या पत्रात हेच म्हटलं आहे: संथ रचनेत आपला उजवा हात रेंगाळतो, पण डाव्याला त्याचा पत्ताच नसतो, याचं लोकांना नवल वाटतं. तबलजीचा ठेका जसाच्या तसा चालू असताना लय सोडून खेळत जाणारा आणि समेवर नेमका उतरणारा ख्यालगायक ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे दुसरी रीतही रुळली, ज्यात दोन्ही हात मिळूनच मागेपुढे होतात. अशा रुबातोत चोरलेला वेळ काटेकोरपणे परत करायलाच हवा का, यावर वाद आहे. पादेरेव्स्कीसारख्या नामवंत पियानोवादकाला परतफेडीचा हा नियमच मान्य नव्हता. माझं मत विचाराल तर हिशेब सेकंदाला सेकंद जुळायची गरज नाही, पण ऐकणाऱ्याच्या पायाचा ठोका मधेच हरवला तर तो रुबातो फसला.

फर्माता रुबातो आणि रितार्दांदो या दोन्हींपासून निराळा, आणि त्याला ओळखणं सोपं: टिंबावर उलटी वाटी. इटलीत फर्माता म्हणजे बसथांबासुद्धा, आणि अर्थ तसाच आहे. तिथे वेग बदलत नाही, मोजणीच थांबते. स्वर किती धरायचा ते वादकावर, सभागृहाच्या घुमण्यावर आणि पुढे काय येणार आहे त्यावर ठरतं. याच नॉक्टर्नच्या शेवटाकडे स्वरमेळ धरून ठेवलेला असतो आणि उजवा हात चार स्वरांचं एकच वळण पुन्हा पुन्हा घेतो. वर सूचना आहे ‘सेंझा टेंपो’, म्हणजे तालाविना. तिथे मेट्रोनोम लावण्यात अर्थ नाही. मात्र बाखच्या कोरालांतली हीच खूण बऱ्याचदा फक्त ओळ संपल्याचं सांगते, तिथे दरवेळी थांबलात तर गाणं अडखळतं.

आपण नक्की काय करतो आहोत हे तपासायचं तर आधी डावा हात एकटा रेकॉर्ड करा, मेट्रोनोमसह. मग ते लावून त्यावर फक्त उजवा हात वाजवा. चाल मागे रेंगाळून बारच्या सुरुवातीला डाव्याला गाठत असेल, तर रुबातो होतो आहे. रेकॉर्डिंग दर ओळीला पुढे निघून जात असेल, तर तुम्ही रितार्दांदो वाजवत आहात.